सादळलेला डबा

जुलैत रत्नागिरीकडच्या स्वयंपाकघरात पापड, बिस्किटं, मीठ सगळंच सादळतं. तीन आठवड्यांपूर्वी उघडलेला दूध पावडरीचा डबाही त्यातून सुटत नाही. चमचा घातला की ढेकळं लागतात. शेजारच्या माल्टेड पेयाच्या बरणीत तर तळाशी चक्क चिक्की जमलेली असते. मग घरात वाद सुरू होतो, टाकायचं की वापरायचं?

ढेकूळ म्हणजे नासणं नव्हे. तो साखरेचा प्रताप असतो. पावडर करताना दुधाचा बारीक फवारा गरम हवेत सोडतात. थेंब इतक्या झटपट वाळतात, की दुधातल्या लॅक्टोज साखरेला खडे धरायला सवडच मिळत नाही. बिनसायीच्या पावडरीत ही साखर जवळपास निम्मी असते. दमट हवा लागली की ती पाणी ओढून चिकट होते आणि कण एकमेकांना बिलगतात. पुढे तिचे खडे बनू लागले, की ओढलेलं पाणी ती सोडून देते आणि ते शेजारच्या कणांना मिळतं. म्हणून गोळा एकदा धरला की वाढतच जातो. माल्टेड पेयात धान्याची माल्टोज आणि वरून घातलेली साखरही असते, त्यामुळे ते अधिक लवकर आणि अधिक घट्ट जमतं.

निवाडा बोटांनी करावा. ढेकूळ चिमटीत भुगा होत असेल आणि रंग-वास पूर्वीसारखाच असेल, तर पावडर चाळून खुशाल वापरावी, मात्र लवकर संपवावी. दगडासारखी घट्ट झालेली, पिवळट-तपकिरी आणि भाजल्यासारखा वास येणारी पावडर टाकलेली बरी. तिच्यात साखर आणि प्रथिनांची आपसात प्रक्रिया झालेली असते, पोषण आणि चव दोन्ही घटतात. सायीच्या पावडरीला जुन्या तेलासारखा खवट वास आला, तर तिच्यातली चरबी बिघडली असं समजावं. कुबट वास, ओलसर डाग किंवा बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचं वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. पूर्ण डबा टाकावा.

माल्टेड पेय मुळातच तपकिरी, तेव्हा तिथे रंग काही सांगत नाही. वासावर भिस्त ठेवावी. वास चांगला असेल, तर कोरड्या सुरीने तुकडा काढून थोड्या गरम पाण्यात विरघळवावा आणि मग दुधात घालावा.

बहुतेक वेळा गुन्हेगार चहाचं पातेलं असतं. उकळत्या वाफेवर उघडा डबा धरायचा आणि तोच ओला चमचा परत आत घालायचा! फ्रिजही तारणहार नाही. गार डबा दमट हवेत उघडला की आत दव धरतं.

तान्ह्या बाळाच्या पावडरीला मात्र यातली कोणतीच सवलत नाही. ती मुळात निर्जंतुक नसते, आणि गुठळ्या झाल्यावर मापाचा चमचाही बरोबर भरत नाही. तिच्यात ढेकूळ सापडलं की तो डबा बाळासाठी संपला.