सरासरीत हरवलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या एखाद्या डीलरकडे एकाच मॉडेलच्या तीन हॅचबॅक उभ्या आहेत असं धरा. पहिली त्याने ४ लाख १० हजारांना घेतली आणि तिच्यावर २० हजार खर्च केले. दुसरी ३ लाखांना मिळाली, पण क्लच, टायर आणि डेंटिंग-पेंटिंग यांत ६० हजार गेले. तिसरी कमी किलोमीटर चाललेली म्हणून ५ लाख २० हजारांना घेतली, वर १० हजार लागले. म्हणजे गाड्या पडल्या अनुक्रमे ४ लाख ३० हजार, ३ लाख ६० हजार आणि ५ लाख ३० हजारांना. एकूण १३ लाख २० हजार. सरासरी ४ लाख ४० हजार.

मार्चमध्ये दुसरी गाडी जीएसटी सोडून ४ लाख २५ हजारांना गेली. सरासरीने हिशेब केला तर १५ हजारांचा तोटा दिसतो. प्रत्यक्षात त्या गाडीने ६५ हजार मिळवून दिलेले असतात. तिन्ही गाड्या विकून झाल्या की एकूण नफा दोन्ही पद्धतींनी सारखाच येईल, हे खरं. पण ३१ मार्चला तिन्ही विकलेल्या नसतात, आणि ताळेबंद त्याच दिवसाचा असतो.

तिसऱ्या गाडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. नंतर कळलं की तिला मोठा अपघात झालेला होता; आता दलाली वजा जाता ४ लाख ९० हजारांवर कोणी देणार नाही. लेखा मानक २ प्रमाणे शिल्लक माल खरेदीखर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, यांतल्या कमी आकड्याला दाखवायचा असतो. गाडीवार हिशेब असेल तर ५ लाख ३० हजारांवरून ४० हजारांची घट याच वर्षी नोंदवावी लागते. सरासरीत मात्र ही गाडी ४ लाख ४० हजारांची म्हणून बसलेली असते. त्यामुळे घसरण दिसतच नाही आणि फसलेली खरेदी कागदावर फायद्याची वाटते.

म्हणूनच हे मानक सांगतं की ज्या वस्तू सहसा एकमेकींच्या जागी चालत नाहीत, त्यांचा खर्च वस्तूगणिक धरा. चेसिस नंबर घालून प्रत्येक गाडीचं वेगळं कार्ड ठेवायचं आणि त्यावर खरेदी, वाहतूक, दुरुस्ती चढवायची. शोरूमचं भाडं आणि सेल्समनचा पगार त्यावर येत नाहीत. खरी गफलत होते ती गॅरेजवाल्याच्या महिन्याच्या एकत्र बिलात. चार गाड्यांचं काम एकाच कार्डावर चढतं, नाहीतर सरळ दुरुस्ती खर्चात जातं. आठ वर्षं जुन्या गाडीच्या कार्डावर खरेदीशिवाय एकही आकडा नसेल, तर ते कार्ड अपुरं आहे असं खुशाल समजावं.

जीएसटी तर सरासरीला जागाच ठेवत नाही. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसेल, तर जुन्या गाडीवर कर लागतो तो विक्री आणि खरेदीतल्या फरकावर. २०२५च्या जानेवारीपासून १८ टक्के. हा फरक गाडीगणिक काढायचा आणि तो उणे आला तर सोडून द्यायचा. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीचा वहीतला नफा ६५ हजार असला तरी कर सव्वा लाखावर, म्हणजे २२ हजार ५०० रुपये. तिसरी ४ लाख ९० हजारांना गेली, तर खरेदीपेक्षा ३० हजार कमी आले. पण ते या सव्वा लाखातून वळते होत नाहीत. डीलर मंडळी या नियमावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं.

मग सराफानेही प्रत्येक दागिन्याचा खर्च असाच वेगळा धरावा का? प्रमाणपत्र असलेल्या सॉलिटेअर हिऱ्याचा किंवा घडवून घेतलेल्या एकमेव हाराचा जरूर धरावा. साध्या सोन्याच्या साखळ्यांचा नाही. समजा, एकाच घडणीच्या दोन साखळ्या आहेत. एक ७० हजारांना पडलेली, दुसरी भाव चढल्यावर ९५ हजारांना. गिऱ्हाईक १ लाख देतं आणि त्याला दोन्ही सारख्याच. अशा वेळी कोणती ट्रेमधून काढायची एवढ्यावर नफा ३० हजार की ५ हजार हे सराफ ठरवू शकतो. अदलाबदल होऊ शकणाऱ्या ढीगभर मालाला ही पद्धत वापरू नका असं मानक म्हणतं, त्याचं कारण हेच. तिथे सरासरी किंवा आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं.

आता हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, त्यामुळे प्रत्येक साखळीचा माग काढता येतो. पण माग काढता येतो म्हणून साखळी एकमेव ठरत नाही. निकष वस्तूच्या वेगळेपणाचा आहे, तिच्यावरच्या क्रमांकाचा नाही.