पाच वर्षांच्या मुलासाठी ल्युडो की सापशिडी?

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर लहान मुलासाठी बोर्ड गेम मागितला, की बहुधा एका बाजूला ल्युडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी असलेला पट हातात पडतो. त्यातला ल्युडो वर्षभर राहू द्या. सहा पडेपर्यंत सोंगटी बाहेर निघत नाही. शिवाय ती बाबांनी मारली, की राग बाबांवरच निघतो. सापशिडीत गिळतो तो साप, त्यामुळे माणसावर रुसायचं कारण उरत नाही. पण १०० घरं या वयाला फार होतात, आणि नव्वदीतला साप तर मोठ्यांनाही रडवतो.

म्हणून पुठ्ठ्यावर ३० घरांचा पट आखा. दोन शिड्या, दोन आखूड साप, शेवटच्या ५ घरांत एकही नको. एका फाशाचं सरासरी दान साडेतीन, म्हणजे साधारण दहा दानांत डाव आटोपतो आणि हरलेल्याला लगेच दुसरा मिळतो. फासा वाटीत ठेवा. वाटी ज्याच्यापुढे, पाळी त्याची. खेळाडू दोन, फार तर तीन. चौथा आला की वाट पाहणं लांबतं आणि मूल उठून जातं. मुद्दाम मात्र हरू नका. दोघांच्या खेळात निम्मे डाव ते फाशाच्या जोरावर तसंही जिंकतं.