तीनशे साठचे चोवीस विभाजक

वर्तुळाचे अंश ३६०, शंभर का नाहीत? शंभरला नऊच संख्यांनी नि:शेष भाग जातो, ३६० ला चोवीस संख्यांनी. हे चोवीस एकेक करून मोजायची मात्र गरज नाही.

३६० चे मूळ अवयव पाडले की तीन वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५ मिळतो. ३६० चा कोणताही विभाजक याच सामानातून तयार होतो. त्यात २ एकदाही न घेणं, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेणं, असे चार पर्याय आहेत. ३ साठी तसेच तीन पर्याय आणि ५ साठी दोन. ४ × ३ × २ = २४. एकही अवयव घेतला नाही तर उरतो १, आणि तोही विभाजकच. म्हणून तर प्रत्येक घातांकात एक मिळवायचा. परीक्षेत नेमकं हेच विसरलं जातं.

बेरीजही याच पर्यायांतून निघते. (१+२+४+८) × (१+३+९) × (१+५) हे कंस सोडवून पाहा: प्रत्येक कंसातून एकेक संख्या उचलून गुणाकार केला की प्रत्येक विभाजक एकदाच समोर येतो. म्हणजे बेरीज १५ × १३ × ६ = ११७०.

अवयव अर्धवट पाडले की सगळं फसतं. ३६० = ८ × ९ × ५ एवढ्यावर थांबून तिघांना दोन-दोन पर्याय दिले, तर उत्तर आठ येतं. त्या आठांत २ सापडत नाही, तिथेच चूक पकडता येते.

आता वर्गाचं. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो. ३६० मध्ये २ आणि ५ विषम वेळा आलेत, म्हणून किमान २ × ५ = १० ने गुणावं लागतं: ३६०० म्हणजे ६० चा वर्ग. ४० ने गुणलं तरी चालतं, कारण ४० मध्ये १० च्या जोडीला ४ हा वर्गच आहे. १४४०० हा १२० चा वर्ग. २० मात्र चालत नाही. ७२०० च्या शेवटी दोन शून्यं पाहून माणूस फसतो, पण त्यात २ पाच वेळा आहे. शंभरचे विभाजक नऊ, म्हणजे विषम, तेही याचमुळे: सगळे घातांक सम असले की एक मिळवून प्रत्येक पर्यायसंख्या विषम होते, आणि विषमांचा गुणाकार विषमच.

संख्या शेकडो अंकी असेल तर अवयव पाडणंच संगणकालाही जड जातं, आणि मग ही रीत वापरता येत नाही.

कागद हाताशी असेल तर ५०४ घेऊन पाहा. विभाजक पुन्हा चोवीसच येतील, बेरीज मात्र १५६० होईल, आणि १४ ने गुणलं की ८४ चा वर्ग मिळेल.