गिझर आणि वॉशिंग मशीन एकत्र चाललं की खटका का पडतो?

एकटा गिझर चालू असला तर काही होत नाही. एकटं वॉशिंग मशीनही सगळी धुलाई बिनतक्रार उरकतं. दोन्ही एकदम लावली की पंधरा-वीस मिनिटांनी बाथरूमची लाइन बंद पडते. मग एमसीबी खराब झाला असं ठरवून तो बदलला जातो. त्याआधी कोणता खटका पडला आणि किती वेळाने पडला, एवढं पाहायला हवं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

समजा, गिझर 3 किलोवॅटचा आहे. 230 व्होल्टवर तो साधारण 13 अँपिअर घेतो. मशीनच्या मोटरला दोनेक अँपिअर पुरतात, पण गरम पाण्याची धुलाई लावली की आतला 2 किलोवॅटचा हीटर सुरू होतो आणि तो एकटाच जवळपास 9 अँपिअर ओढतो. गिझर आणि हीटर यांचीच बेरीज 22 झाली आणि लाइनवर एमसीबी 16 चा.

मग तो लगेच का पडत नाही? त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. जादा प्रवाहाने ती तापते, हळूहळू वाकते आणि खटका सोडवते. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार 16 चा खटका 18 अँपिअरला तासभर टिकायला हवा आणि 23 ला तासाभरात पडायलाच हवा. आपले 22 या दोहोंच्या मधले. म्हणूनच तो एखाद्या दिवशी पडतो, एखाद्या दिवशी नाही; उन्हाळ्यात बोर्ड आधीच तापलेला असतो, तेव्हा लवकर पडतो. शॉर्ट सर्किट असतं तर क्षणात पडला असता.

खात्री करायची तर गिझर चालू ठेवून मशीन थंड पाण्यावर लावा. 13 आणि 2 मिळून 15. आता खटका टिकला तर दोष एमसीबीचा नाही, एकाच लाइनवर आलेल्या लोडचा आहे. वायरमनकडून मशीनसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. तोवर दोन्ही आळीपाळीने वापरावीत. वायर तीच ठेवून 32 चा एमसीबी मात्र कधीही बसवू नये. खटका पडायचा थांबेल, पण भिंतीतली वायर तापत राहील. एमसीबी असतो तो त्या वायरच्या रक्षणासाठी.

थंड पाण्यावरही खटका पडला आणि तो ‘टेस्ट’ बटणवाला आरसीसीबी असला, तर गोष्ट वेगळी. तो लोड मोजत नाही, गळती मोजतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. गिझरच्या जुन्या कॉइलमधून 17 आणि मशीनमधून 5 गळत असतील, तर एकेकट्याने तो कदाचित टिकेल, पण 22 ला पडेल. अशा वेळी वायरमनला मेगर लावून आधी गिझरची कॉइल तपासायला सांगावं आणि तपासणी होईपर्यंत गिझर बंदच ठेवावा.