‘१० ते २०’चे दोन रकाने

भारतीय टपाल खात्याने स्पीड पोस्टचे नवे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू केले. दरांचा तक्ता अगदी छोटा आहे. आडव्या ओळींत वजनाचे तीन टप्पे: ५० ग्रॅमपर्यंत, ५१ ते २५० आणि २५१ ते ५००. उभ्या रकान्यांत आधी ‘लोकल’ आणि मग अंतराचे पाच टप्पे: २०० किलोमीटरपर्यंत, २०१ ते ५००, ५०१ ते १०००, १००१ ते २००० आणि २००० च्या पुढे. छापील कागदावर हा तक्ता दोन मिनिटांत वाचून होतो. पुस्तके टपालाने पाठवणाऱ्या छोट्या प्रकाशकाला मात्र तो वाचून भागत नाही. दीडदोनशे पाकिटांची वजने आणि अंतरे त्याच्या शीटमध्ये असतात आणि प्रत्येकासमोर दर आपोआप यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. तक्ता मात्र त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोच्या रूपात असतो.

फोटोतली अक्षरे शीटमध्ये आणणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइलमधल्या गूगल लेन्सने मजकूर उचलता येतो. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत `Data` खाली `From Picture` हा पर्याय आहे, तो तक्ता ओळी-रकान्यांसह उचलतो आणि शंकास्पद सेल आधी तपासायला दाखवतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. `251gms to 500gms` हा माणसाला सहज कळणारा मजकूर संगणकाच्या लेखी संख्या नाहीच, ती नुसती अक्षरांची माळ आहे. ३०० ग्रॅमचे पाकीट या माळेत बसते की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी २५१ आणि ५०० या दोन संख्या दोन वेगळ्या रकान्यांत असाव्या लागतात, एकात किमान आणि दुसऱ्यात कमाल.

पहिला घात मात्र त्याच्याही आधी होतो. टपाल खात्याच्या तक्त्यात ‘टू’ हा शब्द आहे, म्हणून तो बचावतो. खासगी कुरिअर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या दरपत्रकांत किलोचे टप्पे आडव्या रेघेने लिहिलेले असतात: `1-5`, `5-10`, `10-20`, `20-50`. त्यातला `5-10` शीटमध्ये पडला की भारतीय सेटिंगमध्ये त्याची ५ ऑक्टोबर ही तारीख होते, अमेरिकी सेटिंगमध्ये १० मे. अमेरिकी सेटिंगमध्ये `10-20` ची २० ऑक्टोबर होते. तारीख ही आतून एक क्रमसंख्या असते. १ जानेवारी १९०० ला एक धरून एक्सेल दिवस मोजत जातो, त्यामुळे ५ ऑक्टोबर २०२५ म्हणजे त्याच्या हिशेबी ४५९३५. गडबड लक्षात आल्यावर सेलचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले तरी `5-10` परत येत नाही, `45935` सारखी संख्या दिसू लागते. मूळ मजकूर गेलेला असतो.

या सवयीचा फटका शास्त्रज्ञांनाही बसला आहे. माणसाच्या काही जनुकांची नावे `SEPT1`, `MARCH1` अशी होती आणि शीटमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नावेच बदलली. आज ती `SEPTIN1` आणि `MARCHF1` आहेत. दरपत्रकाला एवढ्या टोकाला जायची गरज नाही. मजकूर चिकटवण्याआधी तो रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवले की पुरते. क्रम मात्र हाच हवा, आधी स्वरूप आणि मग मजकूर.

तोडण्याचे काम त्यामानाने सोपे, पण रेघ फसवते. फोटोतून आलेली रेघ कधी कीबोर्डवरची छोटी रेघ असते, कधी छापखान्यात वापरतात ती लांब रेघ. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, संगणकाला दोन वेगळी चिन्हे. छोट्या रेघेवर तोडायला सांगितले की लांब रेघेच्या ओळी तशाच राहतात. त्यात कुठे ‘टू’ असते, कुठे ‘ते’, कुठे मध्येच ‘जीएमएस’ किंवा ‘केजी’. म्हणून रेघेच्या मागे न लागता संख्याच उचलाव्यात. गूगल शीट्समध्ये हे एका सूत्रात होते:

```
=ARRAYFORMULA(VALUE(REGEXEXTRACT(A2,"([\d.]+)[^\d.]\D*([\d.]+)")))
```

पहिला अंकगट घे, मधले अंक नसलेले सगळे सोडून दे, दुसरा अंकगट घे आणि दोन्हींच्या संख्या कर, एवढाच याचा अर्थ. `51gms to 250gms` मधून शेजारशेजारच्या दोन सेलमध्ये ५१ आणि २५० येतात. मध्ये लांब रेघ असो की ‘ते’, उत्तर तेच. दोन ठिकाणी मात्र हे सूत्र अडते. `1,001` मधला स्वल्पविराम त्याला संख्येचा शेवट वाटतो, म्हणून स्वल्पविराम आधीच काढून टाकावेत. आणि देवनागरी अंक ते ओळखत नाही, त्यामुळे मराठीत छापलेले दरपत्रक असेल तर अंक आधी बदलून घ्यावे लागतात.

ज्या सेलमध्ये एकच संख्या आहे, तिथे हे सूत्र चूक दाखवते, आणि ते चांगलेच आहे. `Upto 50gms` मध्ये किमान लिहिलेले नाही, ते शून्य आहे हे माणसाने ठरवायचे. ‘२००० च्या पुढे’ला कमाल नाही. तो सेल रिकामा ठेवला तर पुढची सूत्रे ती ओळच वगळतात, म्हणून तिथे ९९९९९ सारखी मोठी संख्या घालतात आणि शेजारी तशी नोंद करतात.

‘लोकल’ हा रकाना तर टप्पाच नाही. त्याला ० ते काहीतरी असे अंतर चिकटवले की तो ‘२०० किलोमीटरपर्यंत’च्या अंगावर चढतो आणि एकाच पाकिटाला दोन दर लागू होतात. त्याचे अंतराचे दोन्ही सेल रिकामे ठेवून ‘स्थानिक’ अशी खूण वेगळ्या रकान्यात करणे हाच योग्य मार्ग. सगळे उलगडून लिहिले की तीन वजने गुणिले पाच अंतरे अशा १५ ओळी आणि स्थानिकच्या तीन मिळून १८ ओळींचा तक्ता तयार होतो. प्रत्येक ओळीत वजनाचे किमान-कमाल, अंतराचे किमान-कमाल आणि दर.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक जण तोच सोडून देतात. एका पुस्तकाचे पाकीट २५०.५ ग्रॅम भरले. तक्त्यात एक टप्पा २५० ला संपतो आणि दुसरा २५१ ला सुरू होतो. हे पाकीट कुठे बसते? कागदावर वाचणारा माणूस २५० ओलांडले म्हणून पुढचा टप्पा धरतो. संगणकाला किमान रकान्यात शोधायला लावले, तर २५०.५ पेक्षा लहान असलेले सर्वांत जवळचे किमान त्याला ५१ सापडते आणि तो मधला टप्पा धरतो. अंतर ७०० किलोमीटर असेल तर दर ६८ रुपये दाखवतो. प्रत्यक्षात पुढच्या टप्प्याचा दर ८२ रुपये आहे. पाकिटामागे १४ रुपयांची ही चूक शीट कुठेही लाल करून दाखवत नाही.

उपाय सोपा आहे. किमान रकान्यात ५१ आणि २५१ न ठेवता आधीच्या टप्प्याची कमाल मर्यादा, म्हणजे ५० आणि २५० ठेवायची आणि नियम एकच धरायचा: किमानपेक्षा जास्त, कमालपर्यंत. अंतरालाही तसेच, २०१ ऐवजी २००. फोटोतला मूळ मजकूर पहिल्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्यायचा, म्हणजे पुढे कोणी विचारले तर दाखवता येतो. तो `A` मध्ये, वजनाची मर्यादा `B` आणि `C` मध्ये, अंतराची `D` आणि `E` मध्ये, दर `F` मध्ये असेल आणि पाकिटाचे वजन `H2`, अंतर `I2` मध्ये, तर सूत्र असे होते:

```
=SUMIFS(F:F,B:B,"<"&H2,C:C,">="&H2,D:D,"<"&I2,E:E,">="&I2)
```

२५०.५ ग्रॅम आणि ७०० किलोमीटरला हे ८२ देते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ९६ रुपये ७६ पैसे. स्थानिक ओळींचे अंतराचे सेल रिकामे असल्याने त्या यात येत नाहीत. बेरजेचे सूत्र मुद्दाम निवडले आहे. टप्प्यांत फट राहिली असेल तर उत्तर शून्य येते, दोन टप्पे एकमेकांवर चढले असतील तर दोन दरांची बेरीज येते. दोन्ही चुका पाहताक्षणी डोळ्यांत भरतात.

फोटो वाचताना झालेल्या चुकाही रकाने वेगळे झाल्यावरच पकडता येतात. पुसट रेघ गळून `10-20` चे `1020` होते, दशांशचिन्ह गळून `0.5` चे `05` होते, पाचाचा इंग्रजी एस होतो. तपासणी दोनच गोष्टींची: प्रत्येक ओळीत किमान हे कमालपेक्षा लहान हवे आणि वजनाच्या क्रमाने लावलेल्या प्रत्येक ओळीचे किमान हे आधीच्या टप्प्याच्या कमालइतके हवे. जिथे जुळत नाही तिथे फोटो मोठा करून पाहावा.

ट्रान्सपोर्टच्या दरपत्रकात अडचण उलटी असते. `10-20` आणि `20-50` या दोन्ही टप्प्यांत २० येतो. समजा पहिल्याचा दर किलोला १२ रुपये आहे आणि दुसऱ्याचा १०. बरोबर २० किलोच्या खोक्याला एका हिशेबाने २४० रुपये पडतात, दुसऱ्याने २००. ‘किमानपेक्षा जास्त, कमालपर्यंत’ हा नियम २४० देईल, पण ट्रान्सपोर्टवाला तोच नियम धरतो असे दरपत्रकात कुठेही लिहिलेले नसते. हे कोणत्याही सूत्राने सुटत नाही. असे दरपत्रक हाती आले की शीट वापरात आणण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करावा, बरोबर २० किलो कोणत्या टप्प्यात धरता हे विचारावे आणि उत्तर मेसेजवर लेखी मागून घ्यावे.