स्पायरलचा खांब आणि रिंगांचा खांब

चेंबूरमध्ये पुनर्विकासाच्या जागी गोल खांबाला स्पायरल (सळईचं सलग वेटोळं) गुंडाळलेलं दिसलं, की तो रिंगांच्या खांबाहून कितीतरी जास्त वजन पेलतो असं अनेकांना वाटतं. भारतीय मानक ४५६ मात्र फक्त ५ टक्के वाढ धरतं, तीही वेटोळं पुरेसं दाट असेल तरच.

खरा फरक बाहेरचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) सुटल्यावर दिसतो. वाळू घट्ट पोत्यात भरली की वजन पेलते. तसा आतला गाभा वेटोळ्यामुळे फुगत नाही आणि खांब दबत-दबत इशारा देतो. लांब अंतरावरच्या रिंगांचा खांब अचानक कोसळू शकतो.

उदाहरणार्थ, ४५० मिमी व्यासाचा खांब, ४० मिमी कव्हर, एम२५ काँक्रीट, ८ मिमीची ४१५ ग्रेडची सळई: हिशेबाने दोन वेढ्यांत फार तर ५१ मिमी अंतर चालतं, म्हणून ५० ठेवायचं. मुख्य सळया २० मिमीच्या असतील तर साध्या रिंगा ३०० मिमीवरही चालतात. मुंबईत भूकंपाचे नियम लागू असल्याने रिंगाही जवळ घ्याव्या लागतात, त्यामुळे ही दरी बरीच कमी होते. वेढे ताणले जाऊन अंतर वाढलं, तर तो ५ टक्क्यांचा हक्कही जातो. काँक्रीट ओतण्याआधी टेपने मोजावं.