महाग ऑइल किती किलोमीटर चालायला हवं?

स्पेअर पार्टच्या दुकानात 100 सीसीच्या मोटरसायकलसाठी ऑइल मागितलं की काउंटरवर दोन बाटल्या येतात. दोन्हींवर 10W-30 लिहिलेलं असतं. साधं, म्हणजे मिनरल ऑइल सध्या लिटरला साधारण चारशे रुपयांना पडतं, तर फुल सिंथेटिक नऊशेच्या आसपास. दुकानदार म्हणतो, "हे घ्या, दुप्पट चालेल." त्याचं म्हणणं गाडीच्या बाबतीत कितपत खरं आहे, हे पैसे मोजण्याआधी तपासायला हवं.

दोन्ही ऑइलं बहुधा खनिज तेलापासूनच बनतात. मिनरल ऑइलमध्ये तेल शुद्ध केलेलं असतं, पण त्यातले रेणू लहान-मोठे, वेडेवाकडे असतात. सिंथेटिकमध्ये रासायनिक प्रक्रियेने ते बरेचसे एकसारखे केलेले असतात. त्यामुळे ते उष्णतेने लवकर जळत नाही आणि थंडीत फार घट्ट होत नाही. काही सिंथेटिक ऑइलं रसायनांपासून पूर्णपणे नव्याने घडवलेली असतात, तर काही खनिज तेलावरच अतिशय कडक प्रक्रिया करून बनवलेली असतात. दुसऱ्या प्रकाराला 'सिंथेटिक' म्हणावं का, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला होता. 1999 मध्ये तिथल्या जाहिरात-परीक्षक संस्थेने 'म्हणायला हरकत नाही' असा निर्वाळा दिला. म्हणून आज एकाच शब्दाखाली निरनिराळ्या दर्जाचा माल मिळतो आणि नुसत्या त्या शब्दावरून फार काही कळत नाही.

आता हिशेब. नऊशे म्हणजे चारशेच्या सव्वादोनपट. म्हणून महाग ऑइलने सव्वादोनपट अंतर काटलं, तरच खर्च बरोबरीत येतो. साधं ऑइल 3,000 किलोमीटरला बदललं तर किलोमीटरमागे सुमारे 13 पैसे पडतात. सिंथेटिकला त्यासाठी 6,750 किलोमीटर चालावं लागेल. आणि गाडीचं मॅन्युअल नेहमीच्याच ऑइलला 6,000 किलोमीटर देत असेल, तर सिंथेटिकला 13,500 गाठावे लागतील. तितकं थांबायची मुभा मॅन्युअल देत नाही, आणि त्याला कारण आहे.

ऑइल दोन वाटांनी निकामी होतं. एक, ते स्वतः झिजतं. दुसरी, त्यात घाण साठते: जळक्या इंधनाची काजळी, धातूचा कीस, पेट्रोल, पाण्याची वाफ, आम्ल. सिंथेटिक पहिल्या वाटेवर खरोखर उजवं ठरतं, पण बाहेरून येणारी घाण त्यालाही अडवता येत नाही. कारमध्ये ती गाळायला कागदी फिल्टर असतो आणि तो प्रत्येक वेळी ऑइलबरोबर बदलता येतो. आपल्याकडच्या अनेक 100 सीसी गाड्यांत तसला फिल्टर नसतोच. असते ती एक जाळी आणि गरगर फिरून जड कण बाजूला फेकणारी एक वाटी. बारीक काजळी त्यातून सुटते आणि ऑइलबरोबर फिरत राहते. ती बाहेर काढायचा एकच मार्ग, ऑइल काढून टाकणं. लिटरभर ऑइलात घाण सामावायला जागा तरी किती असणार!

मोटरसायकलमध्ये आणखी एक भानगड असते. कारमध्ये गियरचं ऑइल वेगळं असतं. इथे इंजिन, क्लच आणि गियर तिन्ही एकाच ऑइलात बुडालेले. ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीची रसायनं मिसळतात. गियरच्या दातांत त्या साखळ्या चिरडल्या जातात आणि ऑइल पातळ पडतं. पायाला हे कळतं: गियर जड पडतो, दुसरा टाकताना मध्येच न्यूट्रल सापडतो. सिंथेटिकमध्ये अशी रसायनं सहसा कमी लागतात, म्हणून त्यात गियर जास्त काळ मऊ पडतो. लोक या ऑइलची स्तुती करतात ती मुख्यतः यामुळे, आणि ती खोटी नाही.

गाडी कशी वापरली जाते, त्यावरही निर्णय बदलतो. पुण्यात दिवसभर पार्सलं पोहोचवणारा मुलगा महिन्याला 3,000 किलोमीटर सहज करतो. हवेवर थंड होणारं त्याचं इंजिन उन्हात सिग्नलला उभं राहून तापतं. 6,000 किलोमीटरला बदलायचं धरलं, तर सिंथेटिकचा जादा खर्च त्याला महिन्याला अडीचशे रुपये येतो. त्याने सेमी-सिंथेटिक वापरावं आणि मॅन्युअलचा टप्पा चुकवू नये, असं मला वाटतं. उलट एखाद्या गावातल्या शिक्षकाची शाळा घरापासून तीन किलोमीटरवर असेल, तर वर्षाला 2,000 किलोमीटरही होत नाहीत. पण इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, त्यामुळे ऑइलात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. त्यांनी किलोमीटरची वाट पाहू नये, वर्षाला एकदा ऑइल बदलावंच. साधं ऑइल त्यांना पुरेसं आहे. महाग घातलं तरी तेही वर्षाने काढूनच टाकायचं.

मिनरल की सिंथेटिक यापेक्षा बाटलीच्या मागची एक ओळ मोटरसायकलवाल्याने आधी वाचावी. तिथे जासो MA किंवा MA2 लिहिलेलं हवं. कारचं महागडं सिंथेटिक मोटरसायकलमध्ये ओतलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच प्लेटा घसरू शकतात. मग चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. गियर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला बहुतेकदा MB चालतं.

कारवाल्यांपुढे हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. नव्या पेट्रोल गाड्यांना 0W-20 किंवा त्याहून पातळ ऑइल लागतं आणि इतकं पातळ ऑइल सिंथेटिकच असतं. बदलण्याचा टप्पा बऱ्याच गाड्यांत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. "इकडच्या उन्हात जाड ऑइल बरं" म्हणून कोणी 20W-50 सुचवलं तर ऐकू नये. या इंजिनांतल्या फटीच पातळ ऑइलसाठी बेतलेल्या असतात. टर्बो असेल तर सिंथेटिकवर पैसे वाचवू नयेत, कारण टर्बोच्या बेअरिंगपाशी साधं ऑइल जळून कोळसा धरतं. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला तर मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचंच ऑइल लागतं. काजळी त्या फिल्टरमध्ये जळून जाते, राख मात्र साठत राहते, आणि फिल्टर बदलायचा खर्च हजारोंच्या घरात जातो.

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच असल्याने ते काळं होणारच. दुधाळ झालं तर मात्र पाणी शिरलेलं असतं आणि ते लगेच काढावं लागतं.

रंगापेक्षा पातळी जास्त महत्त्वाची. लिटरभराच्या इंजिनात पावशेर ऑइल जळालं, तर उरलेलं जास्त तापतं आणि लवकर खराब होतं, मग ते नऊशेचं असो की चारशेचं. जुन्या गाडीत हे महिन्या-दोन महिन्यांत घडू शकतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन काही मिनिटं चालवून बंद करावं आणि दोन-तीन मिनिटं थांबावं. डिपस्टिक पुसून परत घालायची, पण बहुतेक छोट्या मोटरसायकलींत ती फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवायची असते. आवळली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि कमी असूनही पुरेसं वाटतं. खालच्या खुणेच्या जवळ आलं असेल तर त्याच ग्रेडचं थोडंथोडं ओतावं आणि वरच्या खुणेला थांबावं.